मदत हवी आहे: ५१ गुण का, हे विद्यार्थ्याला मेलमध्ये कसं सांगू?

मी इंग्लंडमध्ये पीएचडी करतेय, सोबत एमएच्या वर्गाला टीए आहे. इथे एमएला पास ५०ला. एका मुलाला निबंधात ५१ दिले, त्याने कारण विचारलंय.

प्रश्न होता: १९४३चा बंगालचा दुष्काळ धान्य कमी पडल्यामुळे झाला का? १५०० शब्दांपैकी हजारेक शब्द त्याने घटनाक्रमावर घालवले: ब्रह्मदेश जपानकडे गेला, ऑक्टोबर १९४२चं वादळ, भाववाढ. सगळं बरोबर, पण "का"चं उत्तर कुठेच नाही. अमर्त्य सेन शेवटी एका ओळीत, तेही उलटे. सेन म्हणतात, धान्य होतं, पण भाव चढले आणि शेतमजुरांची मजुरी तिथेच राहिली, म्हणून त्यांना ते घेता येईना. याने लिहिलंय, "सेन यांच्या मते तुटवडा होता." नापास केलं नाही, कारण एका परिच्छेदात भाव आणि मजुरीची तुलना त्याने स्वतः केलीय. तोच धागा पकडला असता तर साठीत गेला असता!

माझा मसुदा: "तुमची माहिती अचूक आहे, पण निबंध प्रश्नाला उत्तर देत नाही. सेन यांचं म्हणणं उलट मांडलं गेलंय. तिसऱ्या परिच्छेदातली मजुरीची तुलना हाच तुमचा खरा मुद्दा होता, त्यावरच पास झालात."

शेवटचं वाक्य ठेवू का? वाचून तो गुण वाढवून मागेल, अशी धास्ती वाटतेय. तपासणीचं काम करणाऱ्यांनी सांगा ना.