विषय: रशियन सहकाऱ्याला वाढदिवसाचा मेसेज, नावाचा घोळ

गौरी:
नमस्कार मंडळी. मॉस्कोतल्या एका ज्येष्ठ संशोधक बाईंबरोबर दोन वर्षं काम करतेय, सगळं ईमेलवर. १८ जुलैला त्यांचा साठावा वाढदिवस. रशियनमध्ये छोटा मेसेज पाठवायचा विचार आहे. त्यांच्या ईमेलवर `Наталья Ильинична` एवढंच दिसतं. मी आडनाव समजून पहिल्या ईमेलात ‘डिअर मिस इल्यीनिच्ना’ लिहिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण उत्तर जरा गार होतं. आता काय लिहू?

विनायक काका:
अगं, ते वडिलांचं नाव! लेनिन आठव, व्लादिमिर इलिच. वडील इल्या, म्हणून इलिच. मुलगी असती तर इल्यीनिच्ना. लेनिनला लोक प्रेमाने नुसतं ‘इलिच’ म्हणायचे, तेव्हा तूही नुसतं ‘इल्यीनिच्ना’ लिही. आदर त्यातच आहे.

सुहास:
आमच्या हिचं मधलं नाव माझं आहे, म्हणजे त्या बाईंचे यजमान इल्या असणार? आणि आमच्या ऑफिसातला एक रशियन मला ‘सुहास मधुकरोविच’ म्हणतो. मला आवडतं बुवा.

मीनलताई:
सुहास, नाही. तिथे लग्नानंतर आडनाव बदलेल कदाचित, पण वडिलांचं नाव जन्मभर तेच.

काका, इलिच बरोबर, पण सल्ला धोक्याचा. पहिल्या नावाशिवाय नुसतं पितृनाव म्हणजे गावातल्या शेजारणीला किंवा जुन्या ओळखीच्या म्हातारीला मारलेली हाक. त्यात जवळीक असते. ईमेलवरच्या सहकाऱ्याने तसं लिहिलं तर अंगचटीला आल्यासारखं वाटेल.

गौरी, तू केलंस ते म्हणजे नंदा वसंत कुलकर्णींना ‘श्रीमती वसंत’ म्हणणं. रशियनमध्ये औपचारिक हाक म्हणजे पूर्ण पहिलं नाव आणि पितृनाव, दोन्ही जोडीने. आडनाव नाही, मॅडम नाही. मुद्दा ‘पूर्ण’ या शब्दात आहे. नताल्याचं घरगुती रूप नताशा. ‘नताशा इल्यीनिच्ना’ कधीच चालत नाही. म्हणजे ‘बंड्या सदाशिवराव’! आणि नुसतं ‘नताशा’ त्यांनी सांगितल्याशिवाय नाही.

हे पाठव:

```
Уважаемая Наталья Ильинична!
Поздравляю Вас с днём рождения.
Желаю Вам здоровья и успехов.
Гаури
```

पहिली ओळ ‘आदरणीय नताल्या इल्यीनिच्ना’. पुढे वाढदिवसाचं अभिनंदन, मग आरोग्य आणि यश चिंतलंय. `Вас` आणि `Вам` म्हणजे आपलं ‘आपण’. एका व्यक्तीला आदराने लिहिताना त्यांचं पहिलं अक्षर मोठं काढतात. कधी फोनवर बोललीस तर ‘इल्यीनिश्ना’ म्हण. लिहितात `ч`, पण या नावात उच्चार श होतो.

गौरी:
थँक्यू ताई! शुक्रवारी ऑफिसला निघताना आठ वाजता पाठवून टाकते.

मीनलताई:
थांब थांब! ऑकलंडच्या सकाळी आठला मॉस्कोत आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा. रशियात वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात, आणि साठीच्या बाईंना ते नक्की खटकेल. संध्याकाळी सहाला पाठव, तिकडे सकाळचे नऊ असतील. उशीर झाला तर चालतो, त्यासाठी `с прошедшим` म्हणायची पद्धतच आहे. घाई तेवढी नको.

रोहन:
थोडा विरोधी सूर. आमची पीटर्सबर्गची टीम सगळ्यांना, मॅनेजरलासुद्धा, नुसत्या पहिल्या नावाने बोलावते, फक्त ‘आपण’ वापरून. पितृनाव लावलं तर शाळेतल्या बाईंना हाक मारल्यासारखं वाटतं म्हणतात. शिवाय परक्या माणसाकडून ते कोणी अपेक्षितही करत नाही.

मीनलताई:
शाळेत तसंच बोलावतात, त्यामुळे त्यांना तसं वाटणारच. पण तुझी टीम तिशीतली, आयटीतली. या बाई साठीच्या, संशोधन संस्थेतल्या, आणि स्वतःचं नावच पितृनावासकट लावतात. मी त्यावरूनच ठरवते.

विनायक काका:
माझं ‘इलिच’ अर्धं तरी बरोबर होतं ना?

गौरी:
सहाला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं:

```
Спасибо, дорогая Гаури! Очень тронута.
Наталья
```

‘धन्यवाद, प्रिय गौरी, मन भरून आलं’ एवढं लागलं. पण खाली नुसतं ‘नताल्या’! मग आता पुढच्या ईमेलला काय लिहू?

रोहन:
पितृनाव सोडा असं सुचवतायत त्या. सही बघ.

मीनलताई:
एका सहीवरून नाही. मोबाइलवरून दिलेलं उत्तर आहे, माणूस थोडक्यातच लिहितो. पुढच्या दोन ईमेलना सही काय येते बघ, तोवर इल्यीनिच्ना सोडू नकोस.

सुहास:
माझ्या मते केक पाठवा.