पावडर मारूनही बुटांचा वास जात नाही, तुमच्याकडं काय उपयोगी पडलं?

शिरोलीची सूनबाई

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डिंगला आहेत. आठ-नऊ तास पायात सेफ्टी शूज, समोर भट्टीची धग आणि वर एप्रिल-मेचं ऊन. घरी येऊन बूट काढले की सोप्यात आंबलेल्या ताकासारखा वास भरतो. लेक जवळ बसायला का कू करते ते त्यांना फार लागतं. अंबाबाईच्या दर्शनालासुद्धा ते मागं मागं राहतात, कारण तिथं बूट काढावे लागतात.

आतापर्यंत केलेलं सांगते. क्लोट्रिमॅझोलची पावडर दोन महिने रोज, दोन डबे संपले. केटोकोनॅझोलचा साबण एक महिना. बुटात मारायचा सुवासिक स्प्रे, त्याचा वास तासभर टिकतो आणि नंतर दोन्ही वास एकत्र येतात. पायाला खाज अजिबात नाही, बोटांच्या बेचक्यात साल निघत नाही. मग ही पावडर नेमकी कशावर चालते?

तुम्ही काय केलंत, किती दिवस केलंत आणि काय फुकट गेलं, तेही लिहा. फसलेलं कळलं तरी आमचे पैसे वाचतील.

गोकुळ शिरगावचा फिटर

वहिनी, मीबी सेफ्टी शूजवालाच. माझा उपाय खायचा सोडा. रात्री प्रत्येक बुटात दोन चमचे टाकायचा, हलवून सगळीकडं पसरायचा, सकाळी उलटा करून झटकायचा. पयल्याच दिवशी फरक कळतोय. सोडा सगळे जंतू मारतोय, म्हणून वास जातोय. पावडरीवर पैसे घालवू नका.

फकस्त एक हाय, आठवड्यातनं दोन-तीनदा टाकायलाच लागतोय. सोडला की चार दिवसांत परत तेच. आणि एकदा घाईत तसाच बूट घातला तर घामात सोडा भिजून टाच लालभडक झाली होती.

राजारामपुरीतली औषधवाली

मी ३१ वर्षं औषधाचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. उन्हाळ्यात पावडरीचे डबे सगळ्यात जास्त मी विकले असतील, म्हणून हे सांगणं मला माझं कामच वाटतं.

फिटरदादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. तळव्यावरचे जीवाणू घामातले आणि मऊ पडलेल्या कातडीतले पदार्थ खातात आणि त्यातून आंबूस वासाची आम्लं तयार होतात. सोडा त्या आम्लाला मारतो, म्हणून वास लगेच उतरतो. जीवाणू मात्र तिथंच राहतात आणि ओल मिळाली की चार दिवसांत पुन्हा कामाला लागतात. तुम्हाला आठवड्यातून तीनदा सोडा लागतो तो याचमुळं.

सूनबाई, अँटिफंगल पावडर बुरशीसाठी असते. बुरशी असली की बहुतेकदा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पांढरं, ओलं, सोललेलं दिसतं आणि खाज सुटते. तुमच्याकडं दोन्ही नाही आणि वास मात्र जबर आहे. तर आज एवढं करा. यांचे पाय साध्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा आणि उजेडात टाचा आणि चवड्याचा भाग बघा. सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे, काही एकमेकांत मिसळून नकाशासारखे झालेले दिसले, तर हे जीवाणूंचं दुखणं आहे. कोरड्या पायावर ते खड्डे लपतात, भिजल्यावर उठून दिसतात. माझ्या दुकानात भट्टीवाले, पोलीस, उसाच्या तोडीवर गमबूट घालणारे असे कितीतरी जण बुरशी समजून पावडर नेत. एकालाही मी पाय भिजवून बघायला सांगितलं नव्हतं, त्याचं वाईट वाटतं.

पावडर अगदीच वाया जाते असंही नाही. ओल थोडी शोषते, आणि मायकोनॅझोलसारखी काही औषधं थोड्याफार जीवाणूंवरही चालतात. म्हणून कुणाकुणाला बरं वाटतं आणि निदान मात्र चुकलेलंच राहतं. साबणाचं म्हणाल तर तो पायावर अर्धा मिनिट राहतो आणि वाहून जातो. साबणातल्या औषधाला काम करायला तेवढा वेळ पुरत नाही.

तालमीतला पोरगा

माझं वेगळं हाय, पण लिवतो. मला खरंच बुरशी हुती. मॅटवर सराव, घाम, सगळ्यांचे टॉवेल एकात एक. आधी पायाच्या बेचक्यात, मग जांघेत चकंदळं. मेडिकलवाल्यानं न विचारताच एक मलम दिलं. चार दिवसांत खाज गेली, लाली गेली, मी खूश. पंधरा दिवसांनी बंद केलं तर दुप्पट पसरलं, कडाबी दिसंनात. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि म्हणाले, ह्यात स्टिरॉइड हाय. ते खाज दाबतं आणि आत बुरशीला मोकळं रान देतं. बरं व्हायला तीन महिने गेले, गोळ्या खाव्या लागल्या.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. सकाळी मोजे आधी घालायचे, चड्डी मागनं. उलटं केलं की चड्डी पायावरनं वर जाताना बुरशी जांघेत घेऊन जाते. आणि पायाचा टॉवेल वेगळा. आमच्या तालमीत आता समदे असंच करतात. मलम घेताना ट्यूबवर बारीक अक्षरात बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिवलंय का बघा. असलं तर डॉक्टरला विचारल्याबिगर लावू नका.

चप्पलप्रेमी

माझ्या कोल्हापुरी चपलेला नवीन असल्यापासून उग्र वास येतो. पावसाळ्यात तर वर पांढरी बुरशी येते. हीच अँटिफंगल पावडर चपलेवर टाकली तर चालेल का?

कारागिराची लेक

चप्पलप्रेमी, इथं चाललंय ते पायाच्या वासाचं, पण तुमचा प्रश्न आमच्या घरचाच आहे. नव्या चपलेचा वास कातड्याचा आणि ते कमावताना वापरलेल्या सालींचा असतो, सावलीत हवेशीर ठेवली की हळूहळू उतरतो. पावडर टाकू नका, ती शिवणीत जाऊन बसते. बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वारा द्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच बांधून ठेवू नका. कडक उन्हात टाकली तर तळ वाकडा होतो.

सूनबाईंना एवढंच सांगेन, कामावरून आल्यावर यांना घरात आणि बाहेर उघडी चप्पलच घालू दे. पायाला हवा लागणं हेच निम्मं औषध.

रंकाळ्यावर फिरायला येणारी

कुणाच्या घरी मधुमेह असेल तर पाय भिजवायचे प्रयोग जपून करा. माझ्या बाबांनी घामासाठी कुणाचं तरी ऐकून कडक पाण्यात तुरटी टाकून रोज पाऊण तास पाय ठेवले. पायाची संवेदना कमी झालेली, पाणी किती गरम आहे ते त्यांना कळलंच नाही. फोड आले, एक टाच चिरली, ती भरायला दोन महिने लागले. आता आम्ही पाय रोज बघतो, बेचक्यात टिपून कोरडे करतो आणि तिथं पावडर भरत नाही. ओल्या बेचक्यात पावडरीचा लगदा होतो आणि तोच कातडी खातो.

शिरोलीची सूनबाई

औषधवाल्या काकू, त्याच संध्याकाळी यांचे पाय पाण्यात ठेवले. दोन्ही टाचांवर आणि अंगठ्याखालच्या भागात खड्डेच खड्डे! सगळे तळव्यावरच, बेचक्यात एकही नाही. इतकी वर्षं आम्ही त्यांना भेगा समजत होतो.

त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली, बुरशी नव्हती. क्लिंडामायसिनचं जेल सकाळ-संध्याकाळ लावायला दिलं, आणि घामासाठी ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण. ते रात्री पूर्ण कोरड्या पायावर लावून सकाळी धुवायचं. पहिल्या रात्री मी पाय धुवून लगेच लावलं तर सणसण झोंबलं. आता अर्धा तास पंख्याखाली पाय वाळवते, मग लावते, झोंबत नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बुटांनी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर उजवा बूट तोलला. सुट्टीनंतर वाळलेला असताना ६१४ ग्रॅम. कामावरून आल्यावर ६३३. रात्रभर सोप्यात ठेवून सकाळी पुन्हा तोलला तर ६२४, म्हणजे निम्मी ओल आतच, आणि त्याच बुटात रोज पाय. मग आतला तळ काढून वेगळा ठेवला, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तासाभरानं बदलले आणि पंखा लावला. सकाळी ६१७ भरला. शेवटी दुसरी जोडी घेतली. आता एक दिवस एक, एक दिवस दुसरी.

जेल चार आठवडे लावलं. दहाव्या दिवसापासून वास कमी जाणवला, तिसऱ्या आठवड्यात खड्डे भरत आले. मोजे रोज दोन जोड्या, जेवणाच्या सुट्टीत बदलतात. लेक परवा त्यांच्या मांडीवर बसून अभ्यास करत होती.

गोकुळ शिरगावचा फिटर

वहिनी, मीबी काल पाय भिजवून बघितले. खड्डे हायत. मी जंतू मरतोय समजून सहा महिने सोडाच टाकत बसलो. पण दुसऱ्या जोडीचे पैसे कंपनी देत न्हाई, वर्षाला एकच जोडी मिळते. तळ बदलला तर भागंल का?

राजारामपुरीतली औषधवाली

सुटे तळ दोन जोड्या ठेवा, ते स्वस्त पडतात आणि सगळ्यात जास्त घाम तळच पितो. बुटाचं अंग मात्र ओलंच राहील, त्याला कागद आणि पंखा हवाच. सोडा हवा तर बुटात टाका, घालायच्या आधी पूर्ण झटका, कातडी बूट असेल तर फार वेळा नको, कातडं कोरडं पडून तडकतं. आणि पाय डॉक्टरांना दाखवा, जेल मनानं आणू नका.

तालमीतला पोरगा

बुटात मारायच्या स्प्रेचं काय? आमच्यातला एकजण म्हणतो त्याचा वास जंतुनाशक स्प्रेनं गेला, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात.

राजारामपुरीतली औषधवाली

डब्यावर नुसता सुवास लिहिलाय की जंतुनाशकाचं नाव लिहिलंय, त्यावर आहे. नाव असलं तरी ओल्या बुटात मारून लगेच पाय घातला तर उपयोग नाही, मारल्यावर बूट वाळायला वेळ द्यावा लागतो. एकट्या स्प्रेनं कायमचा गेला असं माझ्यासमोर कुणी सांगितलेलं नाही. कुणाला आला असेल अनुभव तर लिहा, मलाही ऐकायचंय.

शिरोलीची सूनबाई

एक अडलंय. यांचे सुती मोजे दुपारपर्यंत चिंब होतात आणि ओलेच राहतात. भट्टीपुढं नायलॉनचे घालायला सुपरवायझर नको म्हणतात, ठिणगी पडली तर वितळून पायाला चिकटतात म्हणून. लोकरीचे पातळ मोजे भट्टीवर कुणी घालून बघितलेत का? उन्हाळ्यात सहन होतात का?