शब्दचर्चा : ‘स्टॅगफ्लेशन’साठी ‘मंदीयुक्त चलनवाढ’ चालेल का?

अनुवादिका, नाशिकरोड : 1973 च्या तेलसंकटावरील प्रकरणाचा अनुवाद करताना ‘स्टॅगफ्लेशन’साठी, म्हणजे उत्पादन खुंटलेले आणि बेकारी वाढलेली असतानाच भावही चढत राहण्यासाठी, मी ‘मंदीयुक्त चलनवाढ’ असे लिहिले, तेव्हा संपादकांनी विचारले की, चलन वाढलेच नसेल तर चलनवाढ कशी? ऑक्टोबर 1973 मध्ये पिंपाला सुमारे 3 डॉलर असलेले तेल 1974 च्या सुरुवातीला 12 डॉलरच्या जवळ गेले, ते काही कोणी नोटा छापल्यामुळे नव्हे.

अंबडमधील कारखानदार : ‘महागाई’ लिहा. तेल महागले की लोकांच्या हाती पैसा उरत नाही, मागणी घटते आणि मंदी येते, इतके ते सरळ आहे.

निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड : आपले म्हणणे अर्धे खरे आहे. लोकांचा पैसा तेलात जातो, हे मान्य. पण केवळ मागणी घटली असती, तर उत्पादनाबरोबर भावही नरमले असते. भाव वर आणि उत्पादन खाली अशी उलटी चाल दिसली की धक्का पुरवठ्याच्या बाजूचा समजावा. आपल्याच भट्टीचे पाहा. इंधन महागले, कामगारांचा पगार मात्र करार संपेपर्यंत ठरलेला. मग जुन्या भावात पूर्वीइतका माल काढणे आपल्याला परवडेल काय? असे सगळ्याच कारखान्यांचे झाले की अल्पकालीन समग्र पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकते, म्हणजे त्याच भावात सगळे मिळून पूर्वीपेक्षा कमी माल काढतात. अमेरिकेत 1974 साली भाववाढ सुमारे 11 टक्के झाली आणि मे 1975 मध्ये बेकारी 9 टक्क्यांवर पोहोचली.

द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव : मग लासलगावला कांदा कडाडतो, तेव्हाही हाच शब्द वापरायचा का? आमच्याकडे तर 1972 च्या दुष्काळापासूनच महागाई होती.

प्राध्यापक : एकट्या कांद्याने सगळ्या कारखान्यांचा खर्च वाढत नाही, म्हणून नाही. दुष्काळाचा मुद्दा मात्र मोलाचा आहे, कारण त्यामुळेच आपल्याकडच्या त्या महागाईतला तेलाचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते.

अनुवादिका : मग ‘मंदभाववाढ’ कसे वाटते?

शुद्धलेखनप्रेमी, पंचवटी : त्याचा अर्थ ‘हळूहळू होणारी भाववाढ’ असाच लागेल! शिवाय मूळ शब्दात मंदी नाही, साचलेपण आहे. म्हणून ‘कुंठित भाववाढ’ म्हणावे.

कारखानदार : ‘कुंठित भाववाढ’ वाचून मला तर भाव वाढायचे थांबले असेच वाटेल.

प्राध्यापक : शिवाय 1974 मध्ये अमेरिकेचे उत्पादन नुसते साचले नव्हते, घटले होते, त्यामुळे ‘मंदी’ तितकीशी चूक नाही. आणि संपादकांनाही पूर्ण गुण देता येत नाहीत. तेलाच्या एका उडीने भावांची पातळी एकदा वर जाते. ती वर्षानुवर्षे चढत राहायची, तर मजुरी भावांचा पाठलाग करू लागते आणि मध्यवर्ती बँक त्या चढत्या भावांना पुरेल इतका पैसा सोडत जाते. पैसा आवळला तर बेकारी आणखी वाढते, हीच तिची अडचण असते. तेव्हा पहिल्या धक्क्याला ‘भाववाढ’ म्हणा. पुढच्या टप्प्याला ‘चलनवाढ’ शोभते.

अनुवादिका : पण पुस्तकात दोन्हींसाठी एकच शब्द आहे, आणि छपाईला मजकूर सोमवारी द्यायचा आहे.

शुद्धलेखनप्रेमी : तरीही ‘मंदीयुक्त’ हा शब्द मला पटलेला नाही.