मदत हवी आहे: ३ लाखांचं सोनं, वेढणी, नाणं की पाटल्या?

एफडी मोडली, त्यातले ३ लाख सोन्यात टाकायचे आहेत. लेक अकरा वर्षांची आहे, तिच्या शिक्षणासाठी सात-आठ वर्षांनी मोडायचं, एवढाच हेतू. सासूबाई म्हणतात, पाटल्या कर, अंगावरही राहतील. माझी भीती वेगळी आहे. मागच्या वर्षी आईच्या जुन्या पाटल्या मोडल्या. काट्यावर ४०.३०० ग्रॅम भरल्या, आम्ही खूश. सराफाने आटवून तपासल्या तर ८६ टक्के निघाल्या, म्हणजे चोख सोनं साधारण ३४.६६ ग्रॅमच. झाळणाचा डाग, जुना माल, असं म्हणाला. वर घट वेगळी. तो खरं बोलला की नाही, आजही कळलेलं नाही. आता काय घेऊ?
— सांगलीची सून

पेठकर: डोळे मिटून बँकेचं नाणं घ्या. ९९९ शुद्ध, सीलबंद पाकीट, आणि लागेल तेव्हा बँक परत घेते. सराफाच्या दारात जायलाच नको.

काटा_मारुती: पेठकर, अर्धं बरोबर. शुद्धतेबद्दल मान्य, पण बँक नाणं विकते, परत घेत नाही. मोडायला सराफाकडेच जावं लागतं. आमचं घर तीन पिढ्या या धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, सोपा हिशोब करू. चोखाचा भाव तोळ्याला, म्हणजे १० ग्रॅमला, १ लाख धरा. २२ कॅरेटचा दागिना: सोनं ९१,६००, घडणावळ १२ टक्के म्हणजे १०,९९२, त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. हातात पडेपर्यंत १,०५,६७० रुपये. दुसऱ्याच दिवशी मोडायला गेलात तर घडणावळ आणि जीएसटी गेले, वर २ टक्के घट. मिळतील ८९,७६८. तुमचे पैसे नुसते वसूल व्हायलाच भाव जवळजवळ १८ टक्के चढायला हवा.

नाण्याला घडणावळ ३ टक्के धरली तर १,०६,०९० ला पडेल आणि १ टक्का कापून ९९,००० परत येतील. वेढणीला घडणावळ जवळपास नसतेच. जीएसटीचे ३ टक्के सोडले तर फारसं जात नाही, ज्या दुकानातून घेतली तिथेच मोडली तर.

सांगलीची सून: मग वेढणीच की! इतके दिवस कुणी बोललं कसं नाही?

काटा_मारुती: थांबा. दागिन्याला हॉलमार्कची सक्ती आहे, त्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. वेढणी-नाण्याला तशी सक्ती नाही. वेढणीवर दुकानाचा शिक्का असला तरी दुसरा सराफ त्याला मान देईलच असं नाही, तो आटवूनच बघणार. बिलावर ९९५ लिहिलंय की ९९९, हे नीट वाचा. भाव ९९९ चा आणि माल ९९५ चा असं होतं. आणि कॅरेट मशीनवर विसंबू नका, ते वरच्या थराचंच सांगतं, आतलं नाही.

बाकी तुमच्या पाटल्यांबद्दल सराफ खोटं बोलला असंच म्हणता येणार नाही. जुन्या दागिन्यांत डाग भरपूर असायचा. पण आटवणी तुमच्या समोर झाली का?

सांगलीची सून: नाही, आत नेऊन केली.

काटा_मारुती: मग चुकलंच. पुढच्या वेळी समोर आटवा, किंवा आधी हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या.

ओवीची_आई: मला विषय नीट कळला नसेल कदाचित, पण माझ्या बहिणीचं मंगळसूत्र मोडताना काळे मणी वजनात धरले होते का, हे कसं कळेल? बिलात फक्त एकूण वजन आहे.

काटा_मारुती: ओवीची आई, बिलात निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्यायचं असतं. आता दुकानातच विचारावं लागेल.

गावाकडचा_जावई: सगळेच पाटल्यांना नावं ठेवताय म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या ऑपरेशनला एका दुपारी पैसे उभे करायचे होते. घरात बिस्कीट होतं, बँकेने त्यावर कर्ज द्यायला नकार दिला. चोख सोन्याच्या लगडीवर, बिस्किटावर तारण चालत नाही, बँकेच्या नाण्यांवर चालतं पण ५० ग्रॅमपर्यंतच. शेवटी बायकोच्या बांगड्यांवर कर्ज काढलं. बिस्कीट तिथेच पडून.

सांगलीची सून: हे लक्षातच नव्हतं. मग थोडं वेढणीत, थोडं बँकेच्या नाण्यांत ठेवू का? आणि नाण्याचं पाकीट फाडलं तर भाव कमी येतो, हे खरं का?

काटा_मारुती: पाकीट फाडू नका. फाटलेलं दिसलं की सराफ आटवायलाच निघतो. आणि एकेक ग्रॅमची नाणी घेऊ नका, लहान नाण्याला घडणावळ टक्क्यात जास्त पडते. एक आठवण: २ लाखांच्या वर घेताना पॅन लागेल, बिल जपा, विकताना करासाठी तेच कामाला येतं.

पेठकर: ठेवणार कुठे पण? लॉकरचं भाडं दरवर्षी जातं, ते कुणीच हिशोबात धरलं नाही. आणि लॉकरमधून चोरीला गेलं तर बँक भाड्याच्या शंभरपटच देते, सोन्याच्या किमतीएवढं नाही.

सांगलीची सून: सासूबाई म्हणतात, मग अंगावरच बरं! अजून कोणी सांगेल का, वेढणी घरात ठेवणारे लोक काय करतात?