मदत हवी आहे: व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेतली, पण हलत्या चित्रात आडव्या रेघा येतात

मंजिरी_स
नमस्कार मंडळी. माहेरी 1993 ते 2001 मधल्या व्हीएचएस कॅसेटी आहेत. काकाचं लग्न, भावाची मुंज, घरचे गणपती. व्हीसीआर अजून चालतो. त्याची पिवळी-पांढरी-लाल वायर ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर स्टिकला जोडून ओबीएसमध्ये रेकॉर्ड केलं (1920x1080, 30 fps). माणसं बसलेली असली की चित्र छान. कोणी हललं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. अक्षता टाकतानाचे हात तर ओळखूच येत नाहीत. तीच कॅसेट जुन्या टीव्हीवर लावली तर काही नाही! दोष कशाचा, कॅसेटचा, व्हीसीआरचा की स्टिकचा? झालेल्या फायली सुधारता येतील का? कॅसेटी परत परत चालवायला जीव होत नाही.

आबा_सातारकर
ताई, हेड घाण झालंय. व्हिडिओ लायब्ररी चालवलेला माणूस आहे मी, शंभर टक्के हेड. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय लेदरचा तुकडा घ्या, लेदर ड्रमला टेकवून धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. वरखाली घासलंत तर हेड तुटलंच म्हणून समजा. कापूस लावू नका, धागे अडकतात.

विनय_ध
आबा, कृती अगदी बरोबर, पण हेड घाण असलं तर स्थिर चित्रातही पांढरे ठिपके आणि पट्टे येतात. यांना फक्त हालचालीत येताहेत आणि टीव्हीवर येत नाहीत.

मंजिरीताई, कॅसेटवर चित्र असंच असतं. आपल्याकडचा पाल कॅमेरा सेकंदाला 25 पूर्ण चित्रं घेत नव्हता, 50 अर्धी घेत होता. आधी एकाआड एक ओळी, मग 1/50 सेकंदाने मधल्या ओळी. जुना टीव्ही ती अर्धी एकामागून एक दाखवायचा, म्हणून डोळ्याला काही खटकत नसे. संगणक दोन्ही अर्धी एकत्र विणून दाखवतो, आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. हे नंतर सोडवता येतं. मला काळजी आहे ती तुमच्या 1920x1080 ची.

एक करा. फाइल व्हीएलसीमध्ये उघडा, Video मेनूत Deinterlace हे Off करा (नाहीतर तो परस्पर सारवासारव करतो), अक्षतांच्या जागी थांबवा, चित्र मोठं करून रेघा नीट बघा. मग E दाबत एकेक फ्रेम पुढे जा. काय दिसतं ते सांगा.

फिरस्ता
एवढा कुटाणा कशाला? एव्ही टू एचडीएमआय डबी मिळते, त्यातून थेट 1080p येतं. मी तेच केलं, रेघ एकही नाही.

विनय_ध
रेघा जातात हे खरं, कारण डबीच त्या पुसते. पण बहुतेक स्वस्त डब्या बाहेर सेकंदाला 60 चित्रं देतात आणि कॅसेटवर आहेत 50, त्यामुळे कॅमेरा बाजूला फिरला की चित्र अडखळतं. शिवाय डबीने केलेलं नंतर उलटवता येत नाही.

फिरस्ता
मला तरी अडखळताना दिसलं नाही बुवा. घरच्यांनाही नाही.

मंजिरी_स
पाहिलं. रेघा सारख्या जाडीच्या नाहीत. काही ठिकाणी दोन पिक्सेल, काही ठिकाणी एक, आणि कडा पुसट. E दाबत गेले तर पाच फ्रेम हलतात आणि सहावी आधीसारखीच असते.

विनय_ध
मग या फायली सोडून द्या. कॅसेटवरच्या 576 ओळी ओबीएसने ताणून 1080 केल्या, म्हणजे एका ओळीला 1.875 पिक्सेल. त्या ताणण्यात शेजारच्या दोन अर्ध्यांचे रंग एकमेकांत मिसळले, आता कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळे करू शकणार नाही. सहावी फ्रेम तशीच राहते कारण 25 ची 30 करायला सेकंदाला पाच फ्रेम दोनदा लिहिल्यात. चित्र 576 ओळींचंच ठेवलं असतं तर रेघा बरोबर एकेक पिक्सेलच्या, धारदार दिसल्या असत्या. तशा धारदार रेघा असलेली फाइल कच्चा माल म्हणून उत्तम.

स्टिक लगेच बदलू नका. या ‘ईझीकॅप’ नावाने विकल्या जाणाऱ्या स्टिकांत वेगवेगळी चिप असते, त्यामुळे नाव वाचून काही कळत नाही. व्हर्च्युअलडब2 मध्ये कॅप्चर मोड उघडा आणि स्टिक PAL_B, 720x576, YUY2 हे तिन्ही देते का बघा. दिलं तर चालेल. फक्त 640x480 किंवा MJPEG देत असेल तर दुसरी घ्या. एस-व्हिडिओच्या भोकासाठी मात्र जादा पैसे मोजू नका, साध्या व्हीएचएस व्हीसीआरमधून ते निघतच नाही.

रेकॉर्ड करताना कॉम्प्रेशन Huffyuv ठेवा. तासाला साधारण 30 जीबी लागतात, तीन तासांच्या ई-180 साठी 90 धरा. मोठी हार्ड डिस्क हवीच. खाली ‘फ्रेम्स ड्रॉप्ड’चा आकडा वाढत असेल तर थांबवा, नाहीतर आवाज आणि ओठ जुळणार नाहीत.

नीलांबरी_एडिसन
मध्येच घुसते, सॉरी. माझ्याकडे न्यू जर्सीत दादाने घेतलेल्या कॅमेऱ्यातल्या कॅसेटी आहेत, त्या पुण्यातल्या व्हीसीआरवर लावल्या तर काळं-पांढरं दिसतं. हेच कारण का?

विनय_ध
नाही, तुमच्या एनटीएससी आहेत, 480 ओळी आणि सेकंदाला जवळपास 60 अर्धी चित्रं. एनटीएससी प्लेबॅक असलेला व्हीसीआर शोधा. सगळे आकडे बदलतात, वेगळा धागा काढा.

मंजिरी_स
स्टिकमध्ये 720x576 आहे! लग्नाची कॅसेट पुन्हा घेतली. आता रेघा खरंच एकेक पिक्सेलच्या, धारदार. पुढे?

विनय_ध
झकास. ही मूळ फाइल जपून ठेवा, रेघांसकट. बघण्यासाठीची वेगळी बनवायची:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "setfield=tff,bwdif=mode=send_field" -pix_fmt yuv420p -aspect 4:3 -c:v libx264 -crf 18 -c:a aac lagna.mp4
```

send_field मुळे प्रत्येक अर्ध्याचं एक चित्र होतं, म्हणजे सेकंदाला 50. हँडब्रेकमध्ये साधं डिइंटरलेस केलं तर 25 च राहतात, म्हणजे अर्धी हालचाल टाकून दिली. yuv420p नसेल तर बऱ्याच टीव्हींवर फाइल चालत नाही. tff बरोबर आहे का हे बघायला पुन्हा E दाबत जा. हात एक पाऊल पुढे, एक मागे असं करायला लागला तर तिथे bff लिहा. तळाशी पाच-दहा ओळींची वळवळती पट्टी दिसेल, ती व्हीएचएसचीच. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे झाकलेली असायची, कापून टाकलीत तरी चालेल.

रानवारा
वेळ असेल तर bwdif ऐवजी एव्हीसिंथमधलं QTGMC वापरा. दागिन्यांच्या आणि साडीच्या काठांच्या बारीक रेषा लुकलुकतात, त्या त्यात बऱ्याच शांत होतात. पण खूपच हळू चालतं, आणि जास्त ताणलं तर चेहरे मेणाचे दिसतात.

मंजिरी_स
bwdif ने झालं, tff बरोबर निघालं. अक्षता टाकणारे हात मोजता येताहेत. मात्र मुंजीच्या कॅसेटमध्ये वरची साधारण 20 ओळींची पट्टी उजवीकडे वाकते आणि थरथरते. व्हीसीआरचं ट्रॅकिंग फिरवून फरक नाही.

आबा_सातारकर
टेप ताणली गेलीये. आता काही होत नाही.

विनय_ध
टेप ताणलेली असेलही, पण ‘काही होत नाही’ असं नाही. ओळींची वेळ चुकतेय. व्हीसीआर आणि स्टिकच्या मध्ये पॅनासोनिकचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला (DMR-ES10 किंवा ES15 ची नावं सगळे घेतात), त्यात डिस्क न घालता नुसतं सिग्नल पार केलं, तर वरचा वाक बहुधा सरळ होतो. पण तो रंग आणि उजेडात थोडा हात घालतो, म्हणून फक्त अशाच कॅसेटींना वापरा.

रानवारा
तो रेकॉर्डर पुण्या-मुंबईत कोणाकडे चालू स्थितीत आहे का? मलाही हवाय, भाड्याने चालेल.

आबा_सातारकर
माझ्या माळ्यावर पॅनासोनिकचा एक डीव्हीडी रेकॉर्डर पडलाय, नंबर बघून सांगतो. आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका हो, एका बुरशीवाल्या कॅसेटने दुसऱ्या सगळ्या खराब होतात.