e^(-x²) चा चिन्हतक्ता

«f″ = 0 केलं की x = ±1/√2 मिळतात. मग चिन्हतक्ता कशाला?»

f″ शून्य झालं म्हणून वक्राचं वळण बदलतंच असं नाही. x⁴ चं दुसरं डेरिव्हेटिव्ह 0 ला शून्य होतं, पण दोन्ही बाजूंना धनच राहतं. तिथे इन्फ्लेक्शन पॉइंट नाही.

आपल्याकडे f″(x) = (4x² − 2)e^(-x²). यातलं घातांकी पद कायम धन, त्यामुळे चिन्ह फक्त कंसाचं बघायचं. x = −1 घातलं तर 2, 0 ला −2, 1 ला परत 2.

```
x       -1/√2     1/√2
f″   +    0    −    0    +
```

मधे आलेख पालथ्या वाटीसारखा, बाहेर दोन्हीकडे सुलट्या वाटीसारखा. चिन्ह दोन्ही ठिकाणी खरंच बदललं, म्हणून दोन्ही बिंदू पक्के. तिथली उंची e^(-1/2), साधारण 0.61, आणि शिखर 1 वर. हाताने आलेख काढताना हे वळण निम्म्या उंचीच्या खाली नेऊ नका.