मदत हवी आहे: इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर कालावधीच नाही, चालेल का?

नवा_डिप्लोमा: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. एका छोट्या सीएनसी वर्कशॉपमध्ये १ जानेवारी ते ३० जून इंटर्नशिप केली. सर्टिफिकेटवर एवढंच आहे: 'यांनी आमच्याकडे प्रशिक्षण घेतले, वागणूक चांगली होती.' खाली सही आणि तारीख २४ जून. नोकरीच्या अर्जाला हे जोडू का?

शॉपफ्लोर: आत्ता जोडू नका, आधी बदलून घ्या. वागणुकीपेक्षा २४ जूनच जास्त नडेल. प्रशिक्षण ३० जूनला संपलं, तर पूर्ण झाल्याचा दाखला सहा दिवस आधी कसा निघाला? पडताळणी करणारा जॉइनिंग लेटर शेजारी ठेवून तारखाच आधी बघतो. दाखल्याची तारीख ३० जून किंवा त्यानंतरची हवी.

नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, मालकाला बरंच वाटतं: '१ जानेवारी ते ३० जून, प्रशिक्षणार्थी, व्हीएमसी विभाग. जॉब क्लॅम्प करणे, सेटरच्या देखरेखीखाली वर्क ऑफसेट घेणे, पहिला जॉब मायक्रोमीटरने तपासणे.' जे केलं तेवढंच लिहा. मुलाखतीत ऑफसेट कसा घेतलास, हे विचारतातच. छापलं जाईल ते लेटरहेडवर, आणि सहीखाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का.

भोसरीकर: एवढं कशाला? इंटर्नशिप म्हणजे अप्रेंटिसशिपच. सरकारी भरतीतही चालते.

शॉपफ्लोर: नाही हो. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली होते, करार पोर्टलवर नोंदवावा लागतो. डिप्लोमावाल्यांना त्याचं प्रमाणपत्र शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडून मिळतं. पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. जाहिरातीत 'अप्रेंटिसशिप पूर्ण' असं मागितलं असेल, तर वर्कशॉपचा कागद तिथे चालत नाही. खाजगी कंपनीत प्रशिक्षण म्हणून दाखवता येतो, हे मात्र खरं.

नवा_डिप्लोमा: मग फॉर्ममध्ये 'एकूण अनुभव' सहा महिने भरू?

शॉपफ्लोर: फ्रेशरची जागा असेल तर शून्य भरा आणि बायोडेटात 'प्रशिक्षण' असं वेगळं शीर्षक देऊन त्याखाली लिहा. अनुभवात धरलंत की पगाराच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर मागतात, ते तुमच्याकडे नसणार. मूळ प्रत मुलाखतीला दाखवायला न्या, पण देताना झेरॉक्सच द्या. आणि तारीख पीडीएफमध्ये स्वतः बदलू नका. एचआरने वर्कशॉपला एक फोन केला की उघडं पडतं.

सांगलीची_मी: माझं वर्कशॉप तर बंदच पडलं, मालक फोन उचलत नाहीत. मी काय करू?

शॉपफ्लोर: जॉइनिंग लेटर आणि स्टायपेंड जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी एकत्र जोडा. स्टायपेंड रोख मिळत होता का?

सांगलीची_मी: हो, पाकिटातच.

भोसरीकर: मग तिथल्या सुपरवायझरकडून लिहून घ्या.

शॉपफ्लोर: सुपरवायझरचं पत्र कोणी मानतं, कोणी नाही. कॉलेजने तुम्हाला तिथे पाठवल्याचं पत्र ट्रेनिंग-प्लेसमेंटच्या फाइलमध्ये सापडतंय का, ते आधी बघा.